माडी किती वाजताची?

वेंगुर्ला-मालवणच्या किनाऱ्यावर माडीचं जाणतं गिऱ्हाईक भाव नंतर विचारतं. ती कधी उतरवली, हे आधी विचारतं. सकाळी सातला माडावरून खाली आलेली माडी गोड असते आणि जिभेवर किंचित चुरचुरते. तीच दुपारी बाराला प्याल तर गोडी निम्म्यावर आलेली असते, फेस वाढलेला असतो आणि डोकं हलकं होऊ लागतं. संध्याकाळी पाचला ती कडक आणि आंबट झालेली असते. दुसऱ्या दिवशी ती प्यायला कुणी मागत नाही. मग ती व्हिनेगरच्या बरणीत जाते. माडी काढणारे भंडारी हे एका दमात सांगतात: "सकाळची गोड, दुपारची कडक, सांजची आंबट." दिवसभरात त्या भांड्यात कुणी काहीच घातलेलं नसतं. मग बदलतं ते काय?

उत्तर शोधायला माडाच्या शेंड्यावर जावं लागतं. नारळीची न उमललेली पोय दोरीने करकचून बांधतात, रोज हलक्या हाताने ठोकतात आणि काही दिवसांनी तिचं टोक छाटतात. पानांत तयार झालेली साखर फुला-फळांकडे नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडतात आणि नारळाकडे जाणारा रस थेंबाथेंबाने खालच्या मडक्यात पडू लागतो. धार चालू ठेवायची तर टोकाची पातळ चकती पुन्हा पुन्हा छाटावी लागते. जखम भरून काढण्याची झाडाची धडपड आणि तिथे साचणारा जंतूंचा चिकटा, दोन्हीमुळे नळ्यांची तोंडं बंद होत जातात. गोव्यातला रेंदेर त्यासाठीच दिवसातून तीनदा माडावर चढतो: सकाळ-संध्याकाळ रस उतरवायला आणि मधे दुपारी पोय छाटायला. एका माडाचे दिवसाला साधारण एक ते दोन लिटर मिळतात, तेही झाड, ऋतू आणि हात यांवर अवलंबून.

पोयीतून नुकता बाहेर आलेला थेंब नितळ आणि गोड असतो. त्यात दारूचा अंश नसतो. लिटरमागे साधारण १२० ते १६० ग्रॅम साखर असते आणि ती जवळजवळ सगळी आपल्या ओळखीची उसाचीच साखर, म्हणजे सुक्रोज. सोबत थोडी क्षारद्रव्यं, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं असतात. त्याचा सामू ७ च्या आसपास असतो, म्हणजे तो आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. भरपूर साखर, भरपूर पाणी, आंबटपणा नाही आणि कोकणातली ऊब. जंतूंना याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. द्राक्षाचा रस मुळातच आंबट असतो, त्यामुळे बरेचसे जिवाणू त्यात टिकत नाहीत आणि यीस्टला मैदान मोकळं मिळतं. माडाच्या रसाला तसलं कुंपण नाही. म्हणून इथे यीस्टच्या बरोबरीने जिवाणूही कामाला लागतात आणि वाईनला जे व्हायला कित्येक दिवस लागतात, ते माडीत काही तासांत होतं.

हे जंतू येतात कुठून? काही हवेतून, काही छाटलेल्या पोयीवरून, तर काही रसावर घोंगावणाऱ्या मधमाश्या, मुंग्या आणि चिलटांच्या पायांवरून. पण सर्वांत मोठी फौज मडक्यातच बसलेली असते. कालची माडी ओतून घेतली, तरी तळाशी आणि मातीच्या छिद्रांत थोडी राहते आणि तिच्या थेंबाथेंबात लक्षावधी जिवंत पेशी असतात. घरात दुधाला विरजण लागतं, तसं हे मडक्याचं विरजण. माडी काढणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला ते थोडक्यात सांगितलं होतं: "मडक्यात थोडी जुनी ऱ्हवाक होयी." जुनी थोडी राहिली नाही, तर माडी 'चढायला' वेळ लागतो. उलट, ती फार दिवस तशीच साचत राहिली, तर आंबवणाऱ्या जिवाणूंचं पारडं जड होतं आणि माडी झाडावरूनच आंबट उतरते. म्हणून मडकं अधूनमधून नीट धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा लावावं लागतं.

मडक्यात कोण कोण असतं, ते पाहू. पहिली मंडळी लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंची. दही लावणाऱ्यांचेच हे भाऊबंद. ताज्या रसाचा बिनआंबट स्वभाव त्यांना मानवतो आणि ते झपाट्याने वाढून सामू ७ वरून ५ च्या खाली आणू लागतात. त्यांच्यातला ल्युकोनोस्टॉक हा गट साखरेपासून एक चिकट पदार्थही बनवतो. कधी कधी माडी बोटांना बुळबुळीत लागते, तेव्हा बहुधा त्याचं प्रमाण वाढलेलं असतं. दुसरी मंडळी यीस्टची, त्यात पावाला लागणारं सॅकरोमायसीसही आलं. यीस्ट आधी सुक्रोजचे तुकडे करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवतं आणि मग त्यांचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. रस थोडा आंबट झाला की यीस्टला त्रास होत नाही, पण नको असलेले बरेच जिवाणू मागे पडतात. म्हणजे पहिल्या मंडळींनी दुसऱ्यांसाठी वाट मोकळी केलेली असते.

तिसरा गडी मला सर्वांत विलक्षण वाटतो. त्याचं नाव झायमोमोनास मोबिलिस. हा यीस्ट नव्हे, जिवाणू आहे; तरी साखरेचं अल्कोहोल करण्यात तो यीस्टला मागे टाकतो. पॉल लिंडनर या जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मेक्सिकोच्या 'पुल्के' या पेयात त्याचा अभ्यास केला. पुल्के घायपाताच्या जातीच्या झाडाच्या रसाचं असतं, म्हणजे नात्याने माडीचं दूरचं भावंडच. झायमोमोनासच्या वेगाचं कारण त्याच्या पोटात आहे. साखर मोडण्याच्या त्याच्या पद्धतीत त्याला स्वतःला ऊर्जा फार थोडी मिळते. जगायचं तर त्याला भराभर पुष्कळ साखर मोडावी लागते आणि स्वतःचं शरीर वाढवायला त्यातली फारच थोडी उरते. म्हणून खाल्लेली बहुतेक साखर अल्कोहोल होऊन बाहेर पडते. माडी काही तासांत चढते, त्यामागे या गड्याचा मोठा हात आहे.

पुस्तकात हे टप्पे एकामागून एक मांडलेले असतात: आधी लॅक्टिक आम्ल, मग अल्कोहोल, शेवटी व्हिनेगर. खऱ्या मडक्यात मात्र सगळे पहिल्या मिनिटापासून एकत्र असतात, कारण विरजणात सगळेच असतात. कोणत्या तासाला कुणाचा जोर, एवढंच ठरायचं असतं. शिवाय मडक्यातला रस एका वयाचा नसतो, आणि ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. समजा, संध्याकाळी सहाला मडकं लावलं आणि सकाळी सहाला उतरवलं. त्यात बारा तासांपूर्वी पडलेला थेंब आहे आणि बारा मिनिटांपूर्वी पडलेलाही. धार सारखी चालली असं धरलं, तर रसाचं सरासरी वय सहा तास भरतं. कोकणातल्या तीस अंशांच्या उबेत यीस्टची संख्या साधारण दोन तासांत दुप्पट होते. त्या वेगाने बारा तासांत एकाची चौसष्ट होतील. पण वरून ताजी साखर पडतच असते. म्हणून आंबणं सुरू झालेलं असूनही सकाळची माडी गोड लागते. मडकं उतरवताच हा पुरवठा तुटतो. आता आतली साखर फक्त कमी होणार आणि अल्कोहोल फक्त वाढणार. माडीचा दिवस खऱ्या अर्थाने सुरू होतो तो मडकं खाली आल्यावर.

एका लिटरचा हिशेब मांडून पाहू. लिटरभर रसात १४० ग्रॅम साखर धरू. ती सगळी अल्कोहोल झाली, तर सुमारे ७५ ग्रॅम, म्हणजे ९५ मिलिलिटर अल्कोहोल तयार होईल; मापाच्या भाषेत साडेनऊ टक्के. ही झाली रसायनशास्त्राने घातलेली वरची मर्यादा. इतकी कडक माडी सहसा कुणाच्या हाती लागत नाही. साखरेचा काही भाग लॅक्टिक आम्ल होतो, काही चिकट्यात जातो, काही जंतूंच्या वाढीला लागतो, थोडी साखर शेवटपर्यंत तशीच राहते, थोडं अल्कोहोल उडून जातं. शेवटी चांगली चढलेली माडी साधारण पाच ते सात टक्क्यांवर थांबते. थांबण्याचं कारण यीस्ट अल्कोहोलने दमतं, हे नव्हे. याच यीस्टचे भाऊ वाईनमध्ये बारा टक्क्यांपर्यंत आरामात पोचतात. माडीत साखर संपत येते आणि आंबटपणा वाढत जातो, म्हणून गाडी तिथे थांबते.

हाच लिटर दिवसभर पाहत राहू. सकाळी सातला समजा त्यातली ३० ग्रॅम साखर खर्च झाली आहे. म्हणजे अल्कोहोल दोन टक्क्यांच्या आसपास, पण ११० ग्रॅम साखर शिल्लक. पिणाऱ्याला ही जवळजवळ सरबतासारखी वाटते. आता उन्हं चढतात, मडक्यातली फौज आधीच मोठी झालेली असते, आणि पुढच्या चार-पाच तासांत रात्रभरापेक्षा जास्त साखर फस्त होते. दुपारपर्यंत अल्कोहोल साडेचार-पाच टक्क्यांवर जातं, पण निम्म्याच्या जवळपास गोडी अजून असते. पिणाऱ्याची फसगत होते ती इथे. जिभेला ती अजून गोड लागते, म्हणून माणूस सकाळच्याच मापाने पितो, आणि पोटात मात्र दुपटीहून जास्त अल्कोहोल जातं. संध्याकाळी साखर तळाला गेलेली असते, अल्कोहोल सहाच्या आसपास आणि सामू चारच्या खाली. आता ती आंबट लागते. आंबट म्हणजे कडक, असा समज बराच पसरलेला आहे. तो दुपार ते संध्याकाळपर्यंत खरा ठरतो, कारण दोन्ही एकाच वेळी वाढत असतात. त्यानंतर तो खरा राहत नाही.

कारण पुढचे गडी आता जागे होतात: ॲसेटिक आम्लाचे जिवाणू. त्यांना अल्कोहोल हवं असतं आणि हवेतला प्राणवायूही. माडीतून कार्बन डायऑक्साइड जोराने उसळत असतो, तोवर प्राणवायू आत शिरू शकत नाही. उसळी मंदावली की ते पृष्ठभागावर पसरतात आणि अल्कोहोलचं व्हिनेगर करू लागतात. इथून पुढे माडी जितकी आंबट, तितकी कमी कडक. तोंड रुंद असलेल्या भांड्यात हे लवकर होतं, काठोकाठ भरलेल्या बाटलीत उशिरा. नाकाला ते जिभेच्या आधी कळतं: ताज्या माडीचा वास पिकल्या फळासारखा, चढलेलीचा ओल्या पावासारखा, आणि बिघडलेलीचा नाकात झोंबणारा. गोव्यातल्या घरांत मात्र या टप्प्याची मुद्दाम वाट पाहतात. सूर बरणीत भरून तोंडाला फडकं बांधायचं आणि काही आठवडे शांत ठेवायचं. तेच पुढे विंदालूत पडतं. सान्नां करणारीला मात्र याच सुराची त्याआधीची वेळ हवी असते, उसळी ऐन जोरात असतानाची. तांदळाचं वाटण फुगवणारा वायू यीस्टच्या जिवंत कामातून येतो. पूर्वी गोव्याचे पोदेर पावाचं पीठही सुरावरच फुगवायचे.

'संध्याकाळची माडी' म्हणून जी मिळते, ती दोन प्रकारची असू शकते. एक सकाळी उतरवून दिवसभर ठेवलेली; तिची गोष्ट वर आली. दुसरी सकाळी लावलेल्या मडक्यातली, संध्याकाळी ताजी उतरवलेली. हिला ताजी म्हटलं, तरी सकाळच्या ताज्या माडीसारखी ती नसते. दिवसा ऊन आणि वारा असतो, धार रात्रीच्या मानाने बारीक असते. म्हणजे विरजण तेवढंच, ताजा रस कमी आणि मडकं तापलेलं. त्यामुळे ती झाडावरच पुष्कळ पुढे गेलेली असते आणि उतरवतानाच सकाळच्या माडीपेक्षा कडक आणि आंबट लागते. गोडी हवी असणारा पहाटेचंच मडकं गाठतो, ते यामुळे.

ऋतूही या हिशेबात हात घालतो. जंतूंच्या कामाचा वेग दर दहा अंशांनी ढोबळमानाने दुप्पट होतो. जानेवारीच्या गार पहाटेची माडी आठ वाजताही नीरेच्या जवळ असते. मे महिन्यात त्याच वेळेची माडी फसफसत उतरते. पावसात मडक्यात पाणी शिरलं, तर साखर पातळ होते आणि अल्कोहोलची वरची मर्यादाच खाली येते. अशी माडी कितीही वेळ ठेवली तरी कडक व्हायची नाही, फक्त आंबेल.

एक इशारा इथेच द्यायला हवा. सकाळची गोड माडी बाटलीत भरून, बूच घट्ट लावून गाडीच्या डिकीत टाकणारे पर्यटक मी पाहिले आहेत. त्या लिटरमधली उरलेली ११० ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर सुमारे ३० लिटर वायू तयार होतो. त्याला जागा मिळाली नाही, तर काचेची बाटली फुटते आणि जवळच्या माणसाला इजा होते. माडी न्यायचीच तर भांडं अर्धं रिकामं ठेवावं, तोंड सैल ठेवावं आणि काच टाळावी.

मग हे सगळं थांबवता येतं का? येतं, पण थेंब पडल्यापासूनच. जुना उपाय चुन्याचा. मडक्याला आतून चुना लावला की रसाचा सामू दहाच्या पुढे जातो आणि यीस्टपासून झायमोमोनासपर्यंत सगळ्यांचं काम जवळजवळ बंद पडतं. तो रस म्हणजे नीरा. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरची नीरा विक्री केंद्रं अनेकांच्या आठवणीत असतील. कायद्यानेही हीच रेषा धरली आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात नीरेची जी व्याख्या आहे, ती भांड्यापाशी येऊन थांबते: आंबू नये अशी प्रक्रिया केलेल्या भांड्यात काढलेला, न आंबलेला रस. चुना कमी पडला किंवा जुना झाला, तर जंतूंनी तयार केलेलं आम्ल त्याला हळूहळू खाऊन टाकतं आणि नीरा आतूनच माडी व्हायला लागते. ग्लासाच्या कडेला बारीक बुडबुड्यांची माळ दिसली की ती सुरुवात झाली आहे, असं समजावं. दुसरा उपाय गारव्याचा. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने बर्फाची पेटी थेट पोयीला लावून रस गोळा करण्याची पद्धत तयार केली आणि त्या रसाला 'कल्परस' नाव दिलं. चुन्याची चव नाही, रंग मधासारखा सोनेरी. पण गारवा जंतूंना मारत नाही, झोपवतो. बर्फ वितळला की तेच गडी तिथूनच पुढे कामाला लागतात.

आता राहिली बाजारातली गोष्ट. अस्सल माडी-ताडीचं अल्कोहोल ठरावीक वेगाने वाढतं, ठरावीक जागी थांबतं आणि मग उतरतं. शिवाय झाड ठरावीक लिटरच देतं. जवळपास माड, ताड किंवा शिंदी नाही, तरी बाराही महिने, सकाळ-संध्याकाळ, सारख्याच गोडीची आणि सारख्याच नशेची 'ताडी' हव्या तितक्या लिटरमध्ये मिळत असेल, तर ती झाडाची नाही, असंच धरावं. गोडी सॅकरीनची असते, पांढरेपणाही बाहेरचा असतो, आणि नशा क्लोरल हायड्रेटची. हे गुंगी आणणारं औषध आहे. महाराष्ट्रात ते मिसळलेली ताडी पुन्हा पुन्हा पकडली गेली आहे. तेलंगणात कल्लूमध्ये डायझेपाम, अल्प्राझोलाम या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या मिसळण्याचे प्रकार उघड झाले आहेत. या गोळ्यांची शरीराला सवय लागते. पुरवठा अचानक बंद झाला की रोज पिणाऱ्यांना झटके येतात, भास होतात आणि रुग्णालयात न्यावं लागतं; तिथे हे अनेकदा घडलं आहे. अशा माणसाच्या घरच्यांनी 'दारू सुटली, आता बरा होईल' म्हणून वाट पाहू नये. डॉक्टरांना तो रोज ताडी प्यायचा, ती कुठली आणि शेवटची कधी प्यायला, हे आधी सांगावं, कारण उपचार त्यावरून ठरतात.